तक्ता पाठ आहे, पण ‘असं का?’ विचारलं की अडते

“मॅडम, मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. व्हायवात जनुक अभिव्यक्तीवर हमखास विचारतात. प्रोकॅरिओट आणि युकॅरिओट यांच्यातल्या फरकांचा तक्ता मला तोंडपाठ आहे, पण परीक्षकांनी ‘असं का?’ म्हटलं की माझी गाडी तिथंच थांबते. सरावासाठी काही प्रश्न आणि त्यांची तोंडी उत्तरं कशी द्यायची, ते सांगाल का?”

तक्ता फेकून देऊ नकोस. फक्त त्याच्या डोक्यावर एक प्रश्न लिहून ठेव: आरएनए अजून तयार होत असताना रायबोसोम त्याच्यापर्यंत पोचू शकतो का? जिवाणूत पोचतो. केंद्रक असलेल्या पेशीत पोचत नाही, कारण आरएनए केंद्रकात बनतो आणि रायबोसोमचं काम बाहेर, पेशीद्रवात चालतं. तक्त्यातल्या बऱ्याच ओळी या एका गोष्टीला बांधलेल्या आहेत. काही नाहीत, आणि त्या ओढूनताणून बांधायला गेलीस तर परीक्षक पकडतील. त्या कोणत्या तेही पुढे सांगते.

पहिला प्रश्न बहुधा सैलच असतो.

परीक्षक: प्रोकॅरिओट आणि युकॅरिओट यांच्या जनुक अभिव्यक्तीतला मुख्य फरक कोणता?

तू: जिवाणूत केंद्रकपटल नसतं, त्यामुळे ट्रान्स्क्रिप्शन आणि ट्रान्सलेशन एकाच जागी, एकाच वेळी चालू शकतात. एम-आरएनएचं फाइव्ह प्राइम टोक पॉलिमरेजमधून बाहेर आलं की रायबोसोम त्यावर बसतो. थ्री प्राइम टोक तेव्हा तयारही झालेलं नसतं. युकॅरिओटमध्ये ही दोन कामं जागेनं आणि वेळेनं वेगळी होतात. मधल्या काळात आरएनएला कॅप लागते, इंट्रॉन काढले जातात, पॉली-ए शेपटी जोडली जाते आणि मग तो केंद्रकाबाहेर पाठवला जातो.

इथं थांबायचं. सत्तर एस, ऐंशी एस, फॉर्मिल मेथिओनिन असं सगळं एका दमात ओतू नकोस. परीक्षकांना पुढचा प्रश्न विचारायला जागा हवी असते, आणि तू ती बुजवलीस तर ते मुद्दाम आडवळणाचं काहीतरी काढतात.

या उत्तरानंतर दोन प्रश्न येऊ शकतात. एक म्हणजे “पुरावा काय?” इथं 1970 साली ऑस्कर मिलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली ई. कोलायची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं सांगायची. डीएनएचा धागा, त्यातून निघालेले आणि पुढे पुढे लांब होत गेलेले आरएनएचे फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर ओळीनं बसलेले रायबोसोम. फाटा डीएनएला अजून चिकटलेला आहे आणि तरीही त्यावर रायबोसोम आहेत, हे बोलून दाखव. पुरावा त्यातच आहे.

दुसरा प्रश्न सापळ्याचा असतो: “म्हणजे युकॅरिओटमध्ये आरएनए पूर्ण झाल्यावर कॅप लागते, बरोबर?” बरोबर नाही. आरएनएची लांबी वीस-तीस न्यूक्लिओटाइड झाली की कॅप लागते, आणि बरेचसे इंट्रॉनही पॉलिमरेज पुढे सरकत असतानाच कापले जातात. आरएनए पॉलिमरेज टूला एक लांब शेपटी असते, सीटीडी. तिच्यावर फॉस्फेट लागले की कॅप लावणारी आणि पुढे स्प्लायसिंग करणारी प्रथिनं तिथं येऊन बसतात. ‘पोस्ट-ट्रान्स्क्रिप्शनल’ या नावामुळे हे सगळं नंतर होतं असं वाटतं, पण नंतर होतं ते ट्रान्सलेशन.

पुढचा प्रश्न वेगाचा. त्यावर तयार उत्तर देणारे बहुतेक जण चुकतात.

परीक्षक: युकॅरिओटमध्ये जनुक अभिव्यक्तीला जास्त वेळ का लागतो? पॉलिमरेज हळू चालतं का?

तू: पॉलिमरेजच्या वेगात तेवढा फरक नाही. ई. कोलायमध्ये ते सेकंदाला साधारण 40 ते 50 न्यूक्लिओटाइड जोडतं. बीटा-गॅलॅक्टोसिडेजचं जनुक घेतलं, तर 1024 अमिनो आम्लांसाठी शेवटच्या स्टॉप कोडॉनसह 3075 न्यूक्लिओटाइड होतात. सेकंदाला 45 धरले तर सुमारे 70 सेकंद. माणसातलं डिस्ट्रॉफिनचं जनुक सुमारे 22 लाख बेसचं आहे आणि ते उतरवायला सुमारे 16 तास लागतात. भागाकार केला तर सेकंदाला 40च्या आसपासच येतात. वेग तसाच आहे, अंतर प्रचंड आहे. त्यातून पक्का एम-आरएनए उरतो तो फक्त 14 हजार न्यूक्लिओटाइडचा, बाकी जवळजवळ सगळे इंट्रॉन. त्यावर स्प्लायसिंग आणि बाहेर पाठवणं यांचा वेळ वेगळा.

हा भागाकार तोंडी करून दाखवलास तर परीक्षक खुर्चीत सरळ होऊन बसतील. डिस्ट्रॉफिन हे टोकाचं उदाहरण आहे हेही सांगून टाक, नाहीतर “प्रत्येक मानवी जनुकाला 16 तास लागतात का?” असं ऐकावं लागेल.

याच्याच पोटात एक सुंदर जुळणी आहे. ई. कोलायचा रायबोसोम सेकंदाला साधारण 15 अमिनो आम्लं जोडतो, म्हणजे 45 न्यूक्लिओटाइड वाचतो. पुढे पॉलिमरेज, मागे रायबोसोम, आणि दोघांची चाल जवळपास सारखी. ही जोडी तुटली तर काय होतं, असं विचारलं तर ऱ्हो या प्रथिनाचं नाव घे. मध्येच स्टॉप कोडॉन आल्यामुळे रायबोसोम गळून पडले, की पुढचा उघडा आरएनए ऱ्होच्या हाती लागतो आणि ट्रान्स्क्रिप्शनही थांबतं. त्यामुळे ऑपेरॉनच्या पहिल्या जनुकातल्या अशा म्युटेशननं पुढची निर्दोष जनुकंही गप्प होतात. याला पोलॅरिटी म्हणतात. युकॅरिओटमध्येही अकाली स्टॉप कोडॉन असलेला एम-आरएनए नष्ट केला जातो, पण तो तयार होऊन ट्रान्सलेशनला लागल्यावर. ट्रान्स्क्रिप्शनला रायबोसोमच्या पडण्याची खबर मिळण्याची सोय तिथं नाही.

आता ज्या प्रश्नावर तू सगळ्यात जास्त वेळ घालवावास असं मला वाटतं, तो घेऊ. लॅक ऑपेरॉन सगळे पाठ करून येतात. ट्रिप ऑपेरॉनचं ॲटेन्युएशन फार थोड्यांना नीट सांगता येतं, आणि प्रोकॅरिओट-युकॅरिओट फरक तपासायला त्याच्याइतका चांगला प्रश्न नाही.

परीक्षक: जिवाणूत आहे आणि माणसाच्या केंद्रकात तसंच्या तसं असूच शकत नाही, असं एखादं नियंत्रण सांगा.

तू: ट्रिप ऑपेरॉनचं ॲटेन्युएशन. ई. कोलायमध्ये ट्रिप्टोफॅन तयार करणारी पाच जनुकं एका ऑपेरॉनमध्ये आहेत. त्यांच्या आधी 162 न्यूक्लिओटाइडचा लीडर आहे. त्यात फक्त 14 अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडचा संदेश आहे आणि त्यातली दहावी व अकरावी दोन्ही ट्रिप्टोफॅन आहेत. लीडरच्या आरएनएत चार पट्टे आहेत. एकची जोडी दोनशी जमते, दोनची तीनशी, तीनची चारशी. तीन-चारची जोडी जमली, तर ती टर्मिनेटर होते आणि पॉलिमरेज तिथंच सुटतं. दोन-तीनची जमली, तर तीन अडकून पडतो, टर्मिनेटर बनत नाही आणि पॉलिमरेज पुढच्या जनुकांत जातं.

मग निवड रायबोसोम करतो. ट्रिप्टोफॅन भरपूर असेल, तर तो दोन्ही ट्रिप्टोफॅन कोडॉन झटपट ओलांडून स्टॉप कोडॉनपर्यंत पोचतो आणि दुसऱ्या पट्ट्यावर बसतो. दोन झाकला गेला, म्हणून तीन-चार जमतात. काम थांबतं. ट्रिप्टोफॅन कमी असेल, तर ते घेऊन येणारा टी-आरएनए मिळत नाही, रायबोसोम त्या दोन कोडॉनवर, म्हणजे पहिल्या पट्ट्यातच, खोळंबतो. दोन मोकळा राहतो, तिसऱ्याशी जोडी जमवतो, आणि जनुकं उतरवली जातात.

हे बोलताना कागद मागून घे आणि चार पट्टे काढ. तोंडी सांगताना ‘दोन-तीन’ आणि ‘तीन-चार’ यांची अदलाबदल फार सहज होते. गोंधळ झालाच तर एवढं पकड: यू-यू-यूची ओळ चौथ्या पट्ट्याच्या शेजारी आहे, म्हणून टर्मिनेटर तीन-चारचाच.

या उत्तरातला धागा परीक्षकांच्या हातात देणारं वाक्य असं: “हे चालतं, कारण लीडर वाचणारा रायबोसोम आणि लीडरच्या जेमतेम पुढे गेलेलं पॉलिमरेज एकाच वेळी एकाच आरएनएवर असतात.” दोघांची वेळ जमावी म्हणून एक-दोनची जोडी तयार झाल्यावर पॉलिमरेज थोडं थबकतं आणि मागून रायबोसोम आल्यावर पुढे निघतं. केंद्रकात पॉलिमरेजच्या मागे रायबोसोमच नाही, मग त्याच्या खोळंब्याची बातमी पॉलिमरेजला कोण देणार?

उपप्रश्न ठरलेला आहे: “लीडर पेप्टाइडचा एयूजी काढून टाकला तर?” घाईत उत्तर येतं की रायबोसोमच नाही, म्हणजे उपासमारीसारखंच, म्हणून जनुकं चालू. हे साफ चूक. रायबोसोम नसेल तर पहिला पट्टा मोकळा असतो आणि तो आधी तयार झालेला असल्यामुळे दुसऱ्याला धरून ठेवतो. तीन आणि चार मोकळे राहतात, टर्मिनेटर बनतो. पेशी ट्रिप्टोफॅनसाठी तडफडत असली तरी काम बंदच. उपासमारीत जनुकं चालू होतात ती रायबोसोम नसल्यामुळे नव्हे, तर तो पहिल्या पट्ट्यावर ठाण मांडून बसल्यामुळे. दुसरा उपप्रश्न, ते दोन ट्रिप्टोफॅन कोडॉन बदलून दुसऱ्या अमिनो आम्लाचे केले तर? मग ट्रिप्टोफॅन संपल्याचं रायबोसोमला तिथं कळणार नाही, तो सरळ दुसऱ्या पट्ट्यावर जाईल. त्याऐवजी जे नवं अमिनो आम्ल घातलं, त्याच्या टंचाईला ऑपेरॉन प्रतिसाद देऊ लागेल.

“रिप्रेसर असताना याची गरज काय?” असंही विचारतात. रिप्रेसरमुळे अभिव्यक्तीत सुमारे 70 पटींचा फरक पडतो, ॲटेन्युएशनमुळे आणखी सुमारे 10 पटींचा. दोन्ही मिळून 700 पटींच्या आसपास. शिवाय रिप्रेसर मोकळं ट्रिप्टोफॅन मोजतो, ॲटेन्युएशन टी-आरएनएवर चढलेलं. प्रथिन बांधायला कामाचं दुसरंच.

हे सगळं ई. कोलायचं आहे, ‘जिवाणूंचं’ म्हणून सांगू नकोस. बॅसिलस सबटिलिसमध्येही ट्रिप ऑपेरॉनचं ॲटेन्युएशन आहे, पण तिथं रायबोसोमऐवजी ट्रॅप नावाचं प्रथिन ट्रिप्टोफॅनसह लीडर आरएनएला बांधलं जातं. 2020 साली असंही दिसलं, की या जिवाणूत पॉलिमरेज रायबोसोमला बरंच मागे टाकून पुढे पळतं. म्हणजे केंद्रक नसलं की जोडी जमू शकते, जमलीच पाहिजे असं नाही.

यानंतरचा प्रश्न त्या मानानं सोपा.

परीक्षक: जिवाणूंचा एक एम-आरएनए अनेक प्रथिनं देतो. आपला सहसा एकच. का?

तू: रायबोसोम सुरुवातीची जागा कशी शोधतो, त्यात फरक आहे. जिवाणूत एयूजीच्या थोडं आधी शाइन-डालगार्नो क्रम असतो आणि तो सोळा-एस आरएनएच्या टोकाशी जोडी जमवतो. प्रत्येक जनुकाआधी असा क्रम ठेवला, की रायबोसोम एम-आरएनएच्या मध्येही उतरू शकतो. युकॅरिओटमध्ये चाळीस-एस उपघटक कॅपपाशी चढतो आणि एयूजी शोधत पुढे सरकतो. बहुधा पहिल्याच योग्य एयूजीवर सुरुवात होते, त्यामुळे पुढच्या जनुकांची पाळी येत नाही.

अपवाद विचारलाच, तर सी. एलेगन्स हा कृमी. त्याची सुमारे 15 टक्के जनुकं ऑपेरॉनमध्ये आहेत. पण तो लांब आरएनए ट्रान्स-स्प्लायसिंगनं तोडून प्रत्येक जनुकाचा वेगळा एम-आरएनए केला जातो, म्हणजे रायबोसोमपुढे पुन्हा एका वेळी एकच प्रथिन. अपवाद सांगून तो नियमातच कसा बसतो हे दाखवलंस तर उत्तर पुरं होतं.

आता न बांधता येणाऱ्या ओळी. प्रमोटर आणि पॉलिमरेज यांतला फरक केंद्रकपटलावरून सांगता येत नाही. जिवाणूत एकच पॉलिमरेज आहे आणि सिग्मा घटक त्याला उणे 10 आणि उणे 35च्या क्रमांवर नेऊन बसवतो. आपल्याकडे केंद्रकात तीन पॉलिमरेज, आणि पॉलिमरेज टूला सहाय्यक प्रथिनांचा मोठा जथा लागतो. आर्किया हे त्याचं चांगलं साक्षीदार उदाहरण. त्यांना केंद्रक नाही, तरी त्यांचं पॉलिमरेज आणि टीबीपी युकॅरिओटच्या घराण्यातलं आहे. क्रोमॅटिनचंही तसंच. न्यूक्लिओसोममुळे आपली जनुकं मुळात बंदकडे झुकलेली असतात आणि त्यांना उघडावं लागतं. जिवाणूत चांगला प्रमोटर असेल तर जनुक चालू होतं, थांबवायला रिप्रेसर लागतो. एवढं पुरे.

शेवटी परीक्षक सगळं एकत्र विचारतात, तेही प्रयोगाच्या रूपात.

परीक्षक: मी मानवी इन्शुलिनचं जनुक थेट गुणसूत्रातून, त्याच्या स्वतःच्या प्रमोटरसह काढलं आणि प्लाझ्मिडमधून ई. कोलायमध्ये टाकलं. इन्शुलिन मिळेल का?

तू: नाही. पहिली अडचण प्रमोटरची. सिग्मा घटक तो ओळखत नाही, त्यामुळे एम-आरएनएच नीट बनणार नाही. लॅक प्रमोटर लावला तर आरएनए बनेल, पण मग इंट्रॉन आडवे येतील. इन्शुलिनच्या जनुकात दोन आहेत. पहिला प्रथिनाच्या संदेशाच्या आधीच्या भागात आहे, दुसरा सी-पेप्टाइडच्या संदेशाच्या आत. प्रथिनाचा क्रम बी साखळी, सी-पेप्टाइड, ए साखळी असा आहे. म्हणजे ट्रान्सलेशन सुरू झालंच, तर बी साखळी बरोबर वाचली जाईल, सी-पेप्टाइडमध्ये रायबोसोम इंट्रॉनमध्ये शिरेल आणि ए साखळी योग्य रूपात येणारच नाही. ‘ट्रान्सलेशन सुरू झालंच तर’ असं म्हणायचं कारण शाइन-डालगार्नो क्रम नाही.

परीक्षक: यातलं नेमकं काय बिघडलंय, हे प्रयोगशाळेत कसं ओळखाल?

तू: आधी आरटी-पीसीआरनं आरएनए आहे का ते बघेन. नसेल तर प्रमोटर. असेल तर त्याची लांबी बघेन, इंट्रॉनसकट आहे का. आरएनए बरोबर आहे पण वेस्टर्न ब्लॉटवर पट्टाच नाही, तर शाइन-डालगार्नो किंवा वाचनचौकट तपासेन, आणि प्रथिन बनून लगेच तोडलं जातंय का तेही. पट्टा अपेक्षेपेक्षा छोटा असेल, तर मध्ये स्टॉप कोडॉन आलाय असा संशय. पट्टा बरोबर, पण प्रथिन गाळात, तर घडी नीट पडलेली नाही. ई. कोलायच्या पेशीद्रवात डायसल्फाइड बंध सहज जमत नाहीत आणि इन्शुलिनला ते लागतात.

परीक्षक: मग प्रत्यक्षात कसं केलं?

तू: 1978 साली इंट्रॉनचा प्रश्नच टाळला गेला. 21 अमिनो आम्लांची ए साखळी आणि 30 अमिनो आम्लांची बी साखळी यांच्यासाठी लागणारं डीएनए रसायनांपासून जोडलं, आणि दोन्ही वेगवेगळ्या ई. कोलायमध्ये लॅक प्रमोटरखाली, बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या शेवटाला जोडून ठेवली. त्यामुळे प्रमोटर आणि शाइन-डालगार्नो जिवाणूचेच मिळाले, आणि छोटी साखळी मोठ्या प्रथिनाला चिकटलेली असल्यामुळे जिवाणूच्या प्रोटिएजनी ती फस्त केली नाही. नंतर साखळ्या सोडवून, शुद्ध करून, बाहेर डायसल्फाइड बंधांनी जोडल्या. 1982 साली अमेरिकेत हे इन्शुलिन औषध म्हणून मंजूर झालं.

“सोडवून” म्हटलंस की ते विचारणारच, कसं? जोडाच्या जागी एक मेथिओनिन ठेवलेलं होतं आणि सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनिनपाशीच तोडतं. बीटा-गॅलॅक्टोसिडेजचे तुकडे झाले तरी बिघडत नाही. इन्शुलिनच्या दोन्ही साखळ्यांत मात्र मेथिओनिन एकही नाही, म्हणून त्या अखंड सुटतात. “एखाद्या प्रथिनात मेथिओनिन असेल तर?” याचं उत्तर, ही युक्ती त्याला लागू नाही, त्याचेही तुकडे होतील. मग जोडाच्या जागी अशा प्रोटिएजचा क्रम ठेवायचा, जो त्या प्रथिनात कुठंच येत नाही.